फोल्डिंग टेबल घरी कसं जोडायचं? तिरक्या पट्टीचा ‘गुडघा’ सरळ का व्हायलाच हवा?

लग्नाच्या जेवणावळीत बुफेची रांग लागलेली असते. पांढऱ्या कापडाखालच्या लांब टेबलावर वरणाचं पातेलं, भाजीची कढई, भाताचं घमेलं. रांग पुढे सरकावी म्हणून कुणीतरी टेबल फूटभर ओढतं आणि एका टोकाचे पाय अलगद आत मिटतात. पुढच्या क्षणी गरम वरण लोकांच्या पायांवर. असा प्रसंग तुम्ही पाहिला असेल, निदान ऐकला तरी असेल.

अशा वेळी लोक म्हणतात, ‘टेबल जुनं होतं.’ बहुतेकदा ते खरं नसतं. पाय मोडलेला नसतो, बिजागरीही तुटलेली नसते. पाय आणि फळी यांच्यामध्ये जी तिरकी पट्टी असते, तिचा मधला सांधा पूर्ण सरळ झालेला नसतो किंवा त्यावर कडी बसलेली नसते. हा दोष पुष्कळदा टेबल जोडतानाच राहिलेला असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) ही टेबलं सगळीकडे दिसतात. मंडपवाल्यांच्या टेम्पोत, बचत गटांच्या स्टॉलवर, मढीच्या यात्रेतल्या प्रसादाच्या दुकानांत, मोहटादेवीच्या नवरात्रात. गावातला फॅब्रिकेशनवाला पाय वेल्ड करून देतो, प्लायवुड दुकानातून कापून मिळतं आणि जोडणी घरी किंवा मंडळाच्या खोलीत होते. ती जोडणी कशी करायची, ते एका टेबलाच्या मापांवरून पाहूया.

कोणतं टेबल?

आपण 6 फूट लांब, अडीच फूट रुंद आणि 30 इंच उंच टेबल घेऊ. वर 18 मिलिमीटरचं प्लायवुड. खाली आडव्या दोन लाकडी पट्ट्या, प्रत्येकी 3 इंच रुंद आणि 1 इंच जाड. पायांच्या दोन चौकटी, 1 इंची चौकोनी लोखंडी पाइपच्या. प्रत्येक चौकटीला दोन उभे पाय, अगदी वर एक आडवा पाइप आणि जमिनीपासून साधारण 6 इंचांवर दुसरा आडवा पाइप. प्रत्येक चौकटीला दोन बिजागऱ्या. आणि प्रत्येक पायाला एक, अशा एकूण चार तिरक्या आधारपट्ट्या.

ही आधारपट्टी दोन तुकड्यांची असते. मध्ये बोल्ट किंवा रिव्हेट असतो, तिथे ती गुडघ्यासारखी वाकते. पाय उघडला की पट्टी सरळ होते, मिटला की दुमडते. वरच्या तुकड्यावर एक सैल, चपटी कडी अडकवलेली असते. ती घसरून गुडघ्यावर आली की दोन्ही तुकडे एकत्र धरले जातात आणि पट्टी वाकू शकत नाही. काही पट्ट्यांना कडीऐवजी स्प्रिंगची कळ असते, पण तत्त्व तेच. स्थानिक कारागीर हिला स्टे म्हणतात, सपोर्ट पट्टी म्हणतात. आपण आधारपट्टी म्हणू.

पायांची लांबी आधी काढून घ्या. उंची 30 इंच. त्यातून प्लायवुडचा पाऊण इंच आणि आडव्या पट्टीचा 1 इंच वजा केला की उरतात सव्वा अठ्ठावीस इंच. पायाखालचं रबरी बूच या मापात धरलेलं आहे. बूच नंतर घालू म्हणून विसरलात तर टेबल तेवढंच उंच होईल. एकट्या टेबलाला त्याने काही बिघडत नाही, पण ओळीत दुसऱ्या टेबलाला लावलं की कापडाखालची पायरी दिसते.

बिजागरी टोकापासून किती आत?

दोन्ही चौकटी आतल्या बाजूला, म्हणजे टेबलाच्या मध्याकडे मिटतात. त्या एकमेकींवर चढायला नकोत. टेबल 72 इंच लांब आहे. बिजागरीची पिन प्रत्येक टोकापासून 7 इंच आत ठेवली तर दोन पिनांमध्ये 58 इंच उरतात. मिटलेले पाय मिळून साडेछप्पन्न इंच घेतात. मध्ये दीड इंच मोकळा राहतो. इतकं पुरे.

‘मग पाय अजून आत घेऊ, गुडघ्यांना मोकळी जागा मिळेल,’ असं वाटू शकतं. पण मग एकाच टोकावर वजन आलं की टेबल उचललं जातं. आपलं टेबल साधारण 22 किलोंचं होईल. पाय टोकापासून 6 इंचांवर असेल तर टोकाच्या कडेवर शंभर किलोंहून जास्त भार आला तरच दुसरं टोक उचलेल. तोच पाय 14 इंच आत गेला तर 35 किलोंनीच ते उचलेल. भरलेलं पातेलं आणि त्यावर रेललेला एक वाढपी, एवढं त्याला पुरतं.

4 फुटी टेबलाचं गणित वेगळं आहे. तिथे दोन्ही चौकटी शेजारी शेजारी मावतच नाहीत. म्हणून एका बाजूची आडवी पट्टी 1 इंच जास्त जाड घेतात आणि त्या बाजूचे पाय तेवढेच आखूड कापतात. म्हणजे मिटताना एक चौकट दुसरीवर बसते. ती थोडी अरुंदही ठेवावी लागते, नाहीतर आधारपट्ट्या एकमेकींना अडतात. पहिलंच टेबल करत असाल तर 6 फुटीच करा.

बिजागरी कोणत्या बाजूला?

प्लायवुड पालथं करून गोणपाटावर ठेवा. जमीन सपाट हवी. आडव्या पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूने बसवा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत ना, हे पाहायला चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे आले की काम बरोबर.

बिजागरी पायाच्या आतल्या अंगाला लावायची. तिचं एक पान चौकटीच्या वरच्या आडव्या पाइपच्या आतल्या बाजूला वेल्ड असतं आणि दुसरं लाकडी पट्टीवर बोल्ट होतं. असं केल्यावर पाय उघडून काटकोनात आला की पाइपची वरची बाजू थेट लाकडी पट्टीला टेकते. टेबलावरचं वजन प्लायवुडवरून लाकडात, लाकडातून पाइपमध्ये आणि पाइपमधून जमिनीत जातं. बिजागरीच्या पिनेवर ते येत नाही. शिवाय पाय बाहेरच्या बाजूला काटकोनापेक्षा जास्त उघडूही शकत नाही. बिजागरी बाहेरच्या बाजूला लावलेली टेबलं पाहिली आहेत. त्यांत हे दोन्ही फायदे जातात आणि सगळा भार चार स्क्रूंवर पडतो.

बिजागरीला लाकडी स्क्रू वापरू नका. प्लायवुडच्या थरांत स्क्रू पुन्हा पुन्हा ओढला गेला की भोक मोठं होतं. 6 मिलिमीटर जाड, 60 मिलिमीटर लांब, चपट्या डोक्याचे बोल्ट वरून आरपार घाला. डोकं प्लायवुडच्या पातळीत बुडवा, खाली वॉशर आणि नायलॉनवाला नट. उरलेलं टोक कापून घासून घ्या, मिटलेल्या पायाला ते अडता कामा नये.

आधी प्रत्येक बिजागरीला एकेकच बोल्ट लावा आणि चौकट दोन-तीन वेळा उघडून मिटवून पाहा. मिटल्यावर दोन्ही पाय टेबलाच्या लांब कडांपासून सारख्या अंतरावर आले पाहिजेत. चौकट मध्येच जड लागत असेल तर दोन बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत नाहीत. ती जडपणाची जाणीव ‘वापरून सैल होईल’ म्हणून सोडू नका. सैल होईल ती बिजागरीच.

आता मुख्य काम: आधारपट्टी

बहुतेक जण इथे पट्टीची दोन्ही भोकं टेपने मोजून आधीच पाडतात आणि नंतर पट्टी बसवतात. हाच तो दोष, जो टेबल जोडतानाच त्यात शिरतो.

आपली आधारपट्टी टोकाच्या भोकापासून टोकाच्या भोकापर्यंत 17 इंच आहे आणि गुडघा बरोबर मध्ये, साडेआठ इंचांवर. गुडघा मध्यात असेल तर नियम सोपा आहे: पायावरचं भोक आणि फळीवरचं भोक बिजागरीच्या पिनेपासून सारख्याच अंतरावर हवं. का? पाय मिटल्यावर ही दोन्ही भोकं एकमेकांसमोर येतात. तसं झालं तरच दोन सारखे तुकडे एकावर एक दुमडून आडवे पडतात.

अंतर किती, हे काटकोन त्रिकोणावरून निघतं. गवंडी काटकोन काढायला 3, 4, 5 वापरतो, तसंच इथे 12, 12 आणि 17. काटकोनाच्या दोन्ही बाजू 12 इंच असतील तर तिरकी बाजू जवळपास 17 इंच येते. मात्र हे 12 इंच पिनेपासून नाहीत. पायावरचं भोक पाइपच्या मध्यरेषेत असतं, म्हणजे पिनेच्या अर्धा इंच बाहेर. फळीवरच्या ब्रॅकेटचं भोक लाकडी पट्टीच्या जाडीत, म्हणजे पिनेच्या पातळीपेक्षा अर्धा इंच फळीकडे. म्हणून पिनेपासून मोजताना दोन्हीकडे साडेअकरा इंच येतात. बारा म्हणून बारावर भोक पाडलं की अर्ध्या इंचाचा घोळ झालाच.

बरं, साडेअकरा इंच अचूक मोजले, मग झालं का? नाही. वर ‘जवळपास 17’ म्हटलं, कारण खरं उत्तर 16.97 इंच आहे. फरक मिलिमीटरपेक्षाही कमी. टेपवर तो दिसत नाही. पण पट्टी सरळ व्हायला जागा एवढी जरी कमी पडली तरी गुडघा सरळ रेषेपासून सुमारे अर्धा इंच बाजूला राहतो. पाव इंचाची चूक झाली तर जवळपास सव्वा इंच. लांबीतली बारीक चूक गुडघ्यात कितीतरी पटींनी मोठी होऊन दिसते. सुतार कितीही हुशार असला तरी नुसत्या टेपने हे जमणारं नाही.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी पट्टी कुलूपबंद करायची, भोक शेवटी पाडायचं.

पायावर पिनेपासून साडेअकरा इंचांवर भोक पाडून पट्टीचं खालचं टोक बोल्टने लावा. पाइप आतून पोकळ आणि पातळ आहे, नट फार आवळलात तर तो चेपतो. पट्टी हलली पाहिजे पण डुगडुगली नाही पाहिजे इतकाच आवळा. पट्टी आणि पाइप यांच्यामध्ये एक वॉशर ठेवा.

आता चौकट उभी करा. पाइप लाकडी पट्टीला पूर्ण टेकू द्या आणि गुण्या लावून काटकोन तपासा. गुण्या नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोपरा नको, तो कधीच काटकोनात नसतो. फरशीचा अख्खा तुकडा चालेल. चौकट या स्थितीत कुणाला तरी धरायला सांगा किंवा लाकडाचा ठोकळा लावून क्लॅम्प करा.

पट्टी हाताने सरळ करा आणि कडी गुडघ्यावर सरकवा. टेबल पालथं असल्यामुळे कडी आपोआप बसणार नाही, ती फळीकडे घसरून जाईल. तिला चिकटपट्टीने गुडघ्यावर तात्पुरती बांधा. आता पट्टी एका अखंड सळीसारखी झाली. वरच्या टोकाला ब्रॅकेट लावा आणि ते फळीवर जिथे येईल तिथे क्लॅम्पने धरा. ते साडेअकरा इंचांच्या आसपासच येईल. मिलिमीटर इकडे तिकडे झालं तर पट्टीचं ऐका, टेपचं नाही.

अजून ड्रिल हातात घेऊ नका. क्लॅम्प तसाच ठेवून चिकटपट्टी काढा, कडी वर घ्या, गुडघा टेबलाच्या मध्याकडे ढकला आणि पाय मिटवून पाहा. गुडघा पिनेपासून सुमारे 20 इंचांवर येऊन आडवा पडला पाहिजे, पाइपच्या जाडीतच. मग पुन्हा उघडा. कडी सहज बसली तर ब्रॅकेटची भोकं खुणा करून आरपार पाडा आणि बोल्ट लावा. चारही पट्ट्यांना हेच. एकीचं माप घेऊन बाकीच्या तीन उरकण्याचा मोह होतो. वेल्डिंग करताना चौकटी थोड्या ओढल्या जातात, त्यामुळे चारही ठिकाणी माप किंचित वेगळं येतं.

गुडघा मध्यात नसलेल्या पट्ट्याही बाजारात मिळतात. तिथे दोन तुकड्यांच्या लांबीत जितका फरक, तितकाच फरक दोन भोकांच्या अंतरात ठेवावा लागतो. उदाहरणार्थ 9 आणि 6 इंचांचे तुकडे असतील तर फळीवरचं आणि पायावरचं अंतर एकमेकांपासून 3 इंचांनी वेगळं हवं. पद्धत मात्र तीच: आधी सरळ, मग खूण.

बिघडलं तर कसं ओळखायचं?

एका मंडळाने भांडी ठेवायला बनवून घेतलेलं टेबल पाहायला मिळालं. दोन तक्रारी होत्या. पाय उघडल्यावर एका पायाची कडी बसत नव्हती, म्हणून मुलं गुडघ्याला बाइंडिंग वायर गुंडाळायची. आणि तीच बाजू मिटवताना पाय पूर्ण आडवा होत नव्हता, बोटभर फट राहायची, त्यामुळे टेबलं एकावर एक रचता येत नव्हती. मंडळाच्या मते चौकट वाकडी होती आणि नवी चौकट करायला हवी होती.

चौकट काटकोनात नीट उभी राहत होती. पिनेपासून ब्रॅकेटचं भोक मोजलं तर सव्वा अकरा इंच, पायावरचं साडेअकरा. ब्रॅकेट पाव इंच बिजागरीच्या जवळ होतं. दोन्ही तक्रारींचं कारण हेच. उघडताना पट्टीला सरळ व्हायला जागा कमी पडत होती, म्हणून गुडघा सव्वा इंच बाजूला राहायचा. मिटताना दोन भोकं समोरासमोर न येता तिरकी यायची, त्यामुळे दुमडलेला गुडघा फळीकडे वळून तिच्यावर आपटायचा आणि पाय अडायचा.

ब्रॅकेट उलट, म्हणजे बिजागरीपासून लांब गेलं तर लक्षणंही उलटतात. पट्टी वेळेआधीच सरळ होते, कडीही बसते, पण पाय काटकोनाच्या आतच राहतो आणि टेबल पाय आखडून उभं असल्यासारखं दिसतं. मिटवल्यावर गुडघा फळीवर न आपटता पायाच्या बाहेर वर येतो. माझ्या मते हा दोष जास्त धोक्याचा आहे. कडी बसलेली दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण पाइप लाकडाला टेकलेला नसतो आणि सगळं वजन बिजागरीवर असतं.

त्या मंडळाचं टेबल नव्या चौकटीशिवाय दुरुस्त झालं. पाव इंच सरकवायचं तर नवं भोक जुन्या भोकात घुसतं, म्हणून जुनी भोकं लाकडी खुंट्या आणि फेविकॉलने भरून एक दिवस वाळू दिली. दुसऱ्या दिवशी पट्टी कुलूपबंद करून नव्याने खूण केली. भोक लांबट करून ब्रॅकेट सरकवण्याचा सोपा उपाय मंडळातल्या एकाने सुचवला होता. तो टिकत नाही. भार आला की ब्रॅकेट त्या लांबट भोकात हळूहळू मागे सरकतं.

टेबल ओढल्यावर पाय का मिटतो?

समजा टेबल तुम्ही उजवीकडे ओढता. जमीन पायांच्या टोकांना डावीकडे धरून ठेवते. डाव्या चौकटीसाठी डावीकडे म्हणजे बाहेर. ती बाहेर जाऊ शकत नाही, कारण पाइप लाकडाला टेकलेला आहे. पण उजव्या चौकटीसाठी डावीकडे म्हणजे आत, म्हणजेच मिटण्याची दिशा. म्हणून ज्या दिशेला ओढाल त्या बाजूचा पाय मिटायला पाहतो.

त्या वेळी त्या बाजूच्या आधारपट्ट्या दाबल्या जातात. पट्टी सरळ आणि कडी लागलेली असेल तर ती दाब सहन करते. गुडघा थोडा जरी बाजूला असेल आणि कडी नसेल, तर दाब आल्याबरोबर तो आणखी वाकतो. अर्धवट वाकवलेला फुटपट्टीचा तुकडा दोन्ही टोकांनी दाबून पाहा, लगेच समजेल. बाइंडिंग वायर इथे उपयोगाची नाही, ती ताणली जाते.

पट्टी पिनेपासून लांब का लावायची, याचंही उत्तर यात आहे. आपल्या मापांनुसार 20 किलोंच्या जोराने टेबल ढकललं आणि तो जोर दोन्ही चौकटींत सारखा वाटला गेला तर एका चौकटीच्या दोन पट्ट्यांवर मिळून साधारण 35 किलोंचा जोर येतो. पट्ट्या अर्ध्या लांबीच्या घेऊन बिजागरीच्या जवळ लावल्या तर तोच जोर दुप्पट होतो. दुकानातल्या छोट्या, चकचकीत पट्ट्या कपाटाच्या झाकणासाठी ठीक आहेत. बुफेच्या टेबलाला नकोत.

उभं करताना

टेबल लांब कडेवर आडवं ठेवा. एक जण फळी धरेल, दुसरा चौकटी उघडेल. चारही गुडघे सरळ करा. या स्थितीत कडी स्वतःहून घसरत नाही, ती हाताने सरकवा. मग दोघांनी फळीला धरून टेबल सुलटं करा, पायांना धरून नाही.

सुलटं झाल्यावर चारही कड्या पुन्हा पाहायच्या. टेबल पूर्ण पालथं ठेवून उघडलं असेल तर हे फारच गरजेचं, कारण पालथ्या टेबलात कडी गुडघ्यापासून दूर गेलेली असते आणि सुलटं करताना ती आपल्या वजनाने खाली येणं अपेक्षित असतं. चांगली कडी ‘टक्’ असा आवाज करून बसते. आवाज आला नाही तर वाका आणि पाहा. कापड अंथरण्याआधी पाहा, नंतर कुणी बघत नाही.

कडी अडकण्याचं नेहमीचं कारण ऑइल पेंट. दरवर्षी सीझनच्या आधी टेबलं रंगवतात आणि ब्रश पट्टीवरूनही फिरतो. रंगाच्या दोन-तीन थरांनंतर कडी अर्ध्यातच थांबते. पट्टी आणि कडी रंगवूच नका. गंज आला तर पॉलिश पेपरने घासा आणि तेलाचा हात पुसून काढा. तेल चोपडून ठेवलं तर धूळ बसून तोच त्रास.

पहिल्यांदा वापरण्याआधी टेबलाच्या मधोमध पाण्याचे दोन भरलेले जार ठेवा. प्रत्येकी 20 लिटर, म्हणजे सुमारे 40 किलो. मग फळी धरून लांबीच्या दिशेने दोन्हीकडे हलवून पाहा. गुडघा थरथरला किंवा कडी वर सरकली तर ती पट्टी पुन्हा बघा. आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीकडे हलतंय असं वाटलं तर आधारपट्टीचा संबंध नाही. तिथे चौकटीचं वेल्डिंग किंवा बिजागरीचे बोल्ट तपासा.

मिटवताना आधी चारही कड्या वर घ्या, मग गुडघा तळव्याने मध्याकडे ढकला. गुडघ्याला बोटांनी धरू नका. दोन तुकडे कात्रीसारखे मिटतात आणि बोट मध्ये सापडलं तर नखावर निभावत नाही.

जमीन आणि पाऊस

नेवासे, राहुरी, श्रीरामपूर भागात मांडव पुष्कळदा काळ्या रानात असतो. रान ओलं असलं की 1 इंची पाइप भाजीत चमचा जावा तसा मातीत जातो. दोन पाय खचले की चौकट पिळते, पाइप लाकडापासून सुटतो आणि पट्टीवर नको तो भार येतो. पायांखाली प्लायवुडचे हातभर तुकडे टाका किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन्ही पायांच्या तळाला जोडणारी एक आडवी पट्टी वेल्ड करून घ्या. मात्र ती चौकटीच्या मापात धरायला विसरू नका, नाहीतर मिटलेल्या चौकटींमधला दीड इंच कमी होत जातो. पारनेरच्या मुरमाड जमिनीत हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे रबरी बूच फाटतात.

जिल्ह्याचा बराचसा भाग कोरडा असल्याने साधं कमर्शियल प्लायवुड पाथर्डी-जामखेडकडे चालून जातं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरच्या पावसात ते कडेने फुगतं. फुगलेल्या फळीत बोल्टखालचं लाकूड दबतं आणि ब्रॅकेट मिलिमीटरभर हलतं. एवढ्यानेही गुडघा किती सरकतो, ते वर पाहिलंच. तिकडे वॉटरप्रूफ प्लायवुड घ्या, कडा आणि पाडलेली भोकं आतून रंगाने बंद करा आणि पावसाळा संपल्यावर पहिल्या कार्यक्रमाआधी चारही पट्ट्यांचे नट पान्याने एकदा आवळून बघा.